‘सभा पुढे ढकलण्यात आल्याबाबत’: ईमेलचा विषय कसा तपासायचा

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या क्लब हाउससमोर अकरा जण उभे होते आणि दाराला कुलूप होतं. वार्षिक सर्वसाधारण सभा दोन आठवडे पुढे गेली होती. तसा मेल तीन दिवस आधी सगळ्यांना पाठवलेला होता आणि या अकरा जणांनाही तो मिळाला होता. त्यांनी तो फोनवर पाहिलाही होता, फक्त उघडला नव्हता, कारण उघडायला हवा असं यादीतली ओळ वाचून वाटलंच नाही. मेलचा विषय असा होता:

> रविवार, १५ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा पुढे ढकलण्यात आल्याबाबत

फोनच्या यादीत मात्र त्यातलं एवढंच दिसत होतं:

> रविवार, १५ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता होणारी वार्षिक…

वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही सभेची आठवण झाली. वार, तारीख, वेळ, सगळं पोचलं. जी एकच गोष्ट कळवायची होती, ती तीन टिंबांच्या पलीकडे राहिली. लिहिणाऱ्याची शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, वाक्यरचना बरोबर, सरकारी पत्राच्या वळणाची चोख ओळ होती ती.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. पुस्तकांची प्रूफं तपासण्यात बरीच वर्षं गेली, तरी मेलच्या विषयाची ओळ ही वेगळी तपासायची गोष्ट आहे, हे मला त्या कुलपासमोर कळलं. त्या दिवसापासून सोसायटीचे मेल जाण्याआधी विषयाची ओळ माझ्याकडे येते. दोन-तीन वर्षांत या एका ओळीत चुका कुठे लपतात याचा जो अंदाज आला, तो इथे मांडते.

मराठी वाक्य आणि कापणारी कात्री

आधी कापाकापीचंच बघू, कारण मराठीत तो सगळ्यांत मोठा धोका आहे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘रविवारी सकाळी पाणी येणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ काढला तर उरलेलं वाक्य तुटलेलं वाटत नाही. ते नेमकं उलट सांगणारं, धडधाकट वाक्य होतं. इंग्रजीत नकार क्रियापदाला चिकटून, बहुतेक वेळा ओळीच्या पहिल्या अर्ध्यात येतो. त्यामुळे इंग्रजी ओळ शेपटीकडून कापली तर तपशील जातो. मराठी ओळ शेपटीकडून कापली तर निर्णयच जातो.

त्यात आपल्याला ‘विषय :’ लिहायची सवय लागली ती अर्जांमधून आणि कार्यालयीन पत्रांमधून. तिथली ओळ ‘बाबत’ने संपते आणि त्या ‘बाबत’च्या आधीच्या शब्दात सगळा अर्थ असतो. ‘दाखला मिळणेबाबत’ म्हणजे मागणी, ‘दाखला मिळाल्याबाबत’ म्हणजे पोच. कागदावर ही रीत चालते, कारण कागद कोणी अर्धा दाखवत नाही. फोनवर मात्र ही रचना अर्थाला ओळीच्या सगळ्यांत असुरक्षित जागी नेऊन बसवते.

ओळ नेमकी कुठे कापली जाते? याला एकच आकडा नाही. फोन अक्षरं मोजत नाही, रुंदी मोजतो. पडदा केवढा आहे, अक्षराचा आकार किती ठेवला आहे, फोन उभा धरला आहे की आडवा, यावर ते ठरतं. उभ्या फोनवर साधारण तीस ते चाळीस अक्षरं दिसतात असं धरून चालावं. आमच्या सोसायटीतले बरेच ज्येष्ठ सभासद फोनवरचं अक्षर मोठं करून ठेवतात. त्यांना याहूनही कमी दिसतं. संगणकावर सत्तरच्या आसपास अक्षरं दिसू शकतात. घोटाळा होतो तो इथेच, कारण लिहिणारा बहुतेक वेळा संगणकावर लिहितो आणि त्याला स्वतःची ओळ पूर्ण दिसते.

वरच्या ओळीत डोळ्याला दिसणारी अक्षरं, म्हणजे ‘प्टें’ हे एक, ‘र्षि’ हे एक अशी, मोकळ्या जागा धरून साठ भरतात. ‘होणारी’ संपतो तिथे एकतीस होतात. ‘पुढे’ हा शब्द सुरू होतो सत्तेचाळिसाव्या अक्षरावर. म्हणजे फोन अगदी चाळीस अक्षरं दाखवणारा असता, तरी ‘पुढे’ त्यात बसला नसता.

आता हीच ओळ स्प्रेडशीटमध्ये टाकून लांबी विचारली, तर उत्तर वेगळं येतं:

```
=LEN(A2)      → 93
=LEFT(A2,50)  → …होणारी वार
```

संगणकाच्या हिशेबात काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘सप्टेंबर’मध्ये आपल्याला चार अक्षरं दिसतात, तो आठ मोजतो. म्हणून ‘विषय पन्नास अक्षरांत ठेवा’ असा नियम कुठे वाचला, तर आधी विचारायला हवं की कोणाची पन्नास अक्षरं. आणि वरच्या सूत्रांतली दुसरी ओळ पाहा. पन्नास चिन्हांवर कापलं की ‘वार्षिक’चा ‘वार’ होतो. रफार आणि ‘षिक’ गळून पडले, पण उरलेला ‘वार’ हा मराठीतला चांगला चालता शब्द आहे, आणि ओळीच्या सुरुवातीला ‘रविवार’ आहेच. त्यामुळे नजर तिथे अडत नाही. काही प्रणाली विषय साठवतानाच ठराविक लांबीला असे कापतात. तीन टिंबंही देत नाहीत. तिथे ‘विक्री’चं ‘विक्’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण’ होतं. ओळीच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर किंवा अर्धा शब्द दिसला आणि पुढे टिंबं नसली, तर फोनवर संशय घेऊ नये. मजकूर आधीच कापला गेला आहे.

ओळ खराब होण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो थोडक्यात सांगते. मेलच्या शीर्षभागात मुळात फक्त रोमन अक्षरं चालत. १९९६च्या नियमावलीनुसार, म्हणजे RFC 2047 नुसार, इतर लिप्यांचा मजकूर एका सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवला जातो. ‘सभा’ हा शब्द मेलमध्ये प्रत्यक्षात असा जातो:

```
=?UTF-8?B?4KS44KSt4KS+?=
```

अशा एका गाठोड्याची लांबी पंच्याहत्तर चिन्हांहून जास्त असता कामा नये. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असल्याने एका गाठोड्यात जेमतेम पंधरा चिन्हं मावतात. आमच्या त्या ओळीला निदान सहा गाठोडी लागली असणार. पाठवणारं सॉफ्टवेअर नीट असेल तर वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही. पण त्याने एखादं अक्षर मध्येच तोडून दोन गाठोड्यांत टाकलं, तर त्या जागी � असं चिन्ह उमटतं, आणि उलगडण्यातच चूक झाली तर वरच्यासारखी रोमन रांग जशीच्या तशी दिसते. त्यावर लिहिणाऱ्याने दोनच गोष्टी कराव्यात. विषय छोटा ठेवावा, आणि सगळ्यांना पाठवण्याआधी तो त्याच यंत्रणेतून स्वतःला पाठवून पाहावा. मसुद्याच्या खिडकीत ओळ ठीक दिसते यावरून काही सिद्ध होत नाही.

सभेच्या मेलकडे परत येऊ. तो असा जायला हवा होता:

> वार्षिक सभा पुढे ढकलली: आता रविवार २९ सप्टेंबर, सकाळी १०

यातली दिसणारी अक्षरं एकोणचाळीस. एकतिसाव्याला ‘सप्टेंबर’ पूर्ण होतो. चौदाव्या अक्षरानंतर कुठेही कात्री लागली तरी ‘पुढे ढकलली’ वाचून झालेलं असतं. ‘रोजी’, ‘वाजता’, ‘होणारी’, ‘ण्यात आल्याबाबत’ हे सगळं गेलं आणि काही बिघडलं नाही. ‘सर्वसाधारण’ काढायला सेक्रेटरी तयार नव्हते, कारण सभेचं ते अधिकृत नाव आहे. ते नाव मेलच्या आत, सूचनेच्या मथळ्यात पूर्ण हवंच. विषयाच्या ओळीत ‘वार्षिक सभा’ म्हटल्यावर आमच्याकडे दुसऱ्या कुठल्या सभेची शंका कोणाला येणार नव्हती.

एक गोष्ट लक्षात असू द्या. उत्तरं येऊ लागली की ओळीच्या आधी `Re:` आणि `Fwd:` जमा होतात आणि तेवढी जागा डावीकडून खाल्ली जाते. तिसऱ्यांदा पुढे पाठवलेल्या मेलमध्ये तुमची तीस अक्षरं वीसवर येऊ शकतात. बदललेली तारीख कळवताना जुन्या मेललाच उत्तर देऊन पाठवणं त्यामुळे दुहेरी धोक्याचं असतं. जागाही कमी होते आणि विषयात जुनीच तारीख राहते.

सुटलेला शब्द दिसत का नाही

पुस्तकाच्या पानावर शब्द सुटला तर वाक्य लंगडतं आणि वाचताना ठेच लागते. विषयाच्या ओळीत ती ठेच लागत नाही, कारण ही ओळ अर्धवट असणार हे आपण गृहीतच धरलेलं असतं. ‘आहे’ नाही, ‘आपण’ नाही, प्रत्यय गाळलेले, तारवजा भाषा. या सगळ्यात चुकून गळलेला शब्द मुद्दाम गाळलेल्या शब्दांमध्ये मिसळून जातो. शुद्धलेखन तपासणारं साधनही इथे उपयोगाचं नाही. असलेल्या शब्दांची अक्षरं ते बघेल, नसलेल्या शब्दाचं काय करणार?

गेल्या वर्षीच्या थकबाकीच्या मेलचा मसुदा असा आला होता:

> आठवण: मेंटेनन्स थकबाकी ३० सप्टेंबर भरणाऱ्या सभासदांना व्याज लागू होणार नाही

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही काही खटकलं नाही. दुसऱ्यांदा मी माझ्या नेहमीच्या रीतीने वाचलं, म्हणजे ओळीचं पूर्ण वाक्य करून, मोठ्याने. ‘जे सभासद मेंटेनन्सची थकबाकी ३० सप्टेंबर…’ इथे जीभ अडली. ३० सप्टेंबरला? ३० सप्टेंबरपर्यंत? ३० सप्टेंबरची, म्हणजे त्या तारखेला जमा होणारी थकबाकी? तीन वेगळी वाक्यं तयार झाली आणि तिन्ही व्याकरणात बसत होती. ‘पर्यंत’ सुटला होता.

माझी कसोटी आता हीच आहे. ओळीतून मुद्दाम गाळलेले शब्द परत घालायचे आणि सरळ वाक्य करायचं. एकच वाक्य तयार झालं तर ओळ ठीक. दोन झाली तर मध्ये काहीतरी सुटलं आहे, मग ते लिहिताना सुटलेलं असो की जागा वाचवायला काढलेलं असो. मनात वाचून हे जमत नाही, कारण मनात वाचताना डोळा सुटलेला शब्द स्वतःच भरतो. लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर हे नक्कीच होतं. त्याला काय म्हणायचं आहे हे त्याला माहीत असतं. छापखान्यात एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफावर बोट ठेवून बघायचा, त्यामागचं कारण हेच होतं. विषयाच्या ओळीसाठी घरातल्या कुणालाही हाक मारून ती वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘यातून तुला काय कळलं?’ अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मराठीत सुटतात ते शब्द बहुधा ठरलेले असतात. तारखेमागचे ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘नंतर’. बदल सांगणारा ‘ऐवजी’. आणि सगळ्यांत जास्त रागलोभ निर्माण करणारा ‘प्रस्ताव’. ‘मेंटेनन्स वाढीबाबत’ असा विषय वाचला की लोक समजतात वाढ झाली. ‘मेंटेनन्स वाढीच्या प्रस्तावाबाबत’ म्हटलं की चर्चा व्हायची आहे हे कळतं. एक शब्द वाचवला म्हणून सभेआधी चार दिवस फोन वाजत राहतात, हे मी पाहिलं आहे.

कधी कधी शब्द पूर्ण असतो आणि त्यातलं एक जोडाक्षर बदललेलं असतं. ‘सभा पुढे ढकलण्याबाबत’ आणि ‘सभा पुढे ढकलल्याबाबत’ या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. पहिलीत अजून विचार चालू आहे, दुसरीत निर्णय झाला आहे. फरक ‘ण्या’ आणि ‘ल्या’चा. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे खाली लाल रेघ येणार नाही. ‘बाबत’ने संपणारी ओळ तपासायला आली की मी आधी हे जोडाक्षर बघते आणि मग बाकीची ओळ.

एकाच मेलची शंभर नावांना शंभर रूपं पाठवताना शब्द वेगळ्या कारणाने सुटतो. यादीतला एखादा रकाना रिकामा असतो आणि ‘सदनिका क्र. ची थकबाकी’ अशी ओळ जाते. नमुना म्हणून नेहमी पहिली भरलेली ओळ तपासली जाते, म्हणून हे निसटतं. यादीत मुद्दाम एक रिकाम्या रकान्याची ओळ ठेवून ती स्वतःला पाठवायची. मराठीत इथे एक जास्तीची अडचण आहे. रकान्यातल्या शब्दाला थेट प्रत्यय जोडला तर सामान्यरूप होत नाही आणि ‘पुणेची शाखा’, ‘ठाणेमध्ये सभा’ अशी रूपं बाहेर पडतात. गावाच्या नावानंतर ‘येथील’ किंवा ‘येथे’, व्यक्तीच्या नावानंतर ‘यांची’, ‘यांना’ असा सुटा शब्द ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

कॅपिटल अक्षरं

देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून मराठी विषयापुरता हा प्रश्न नाही असं वाटतं. पण आमच्या सोसायटीत मराठी न वाचणारे शेजारी आहेत, त्यामुळे प्रत्येक सूचना इंग्रजीतही जाते. कित्येक मराठी माणसांचा कामाचा पत्रव्यवहार तर सगळाच इंग्रजीत असतो. आणि कॅपिटल ही आपल्या लिपीतली गोष्ट नसल्याने तिची चूक आपल्या डोळ्याला उशिरा दिसते.

बहुतेक वेळा ही चूक माणसाची नसून यंत्राची असते. एकदा सगळ्या ओळी एकसारख्या दिसाव्यात म्हणून कमिटीतल्या एकाने स्प्रेडशीटचं तयार सूत्र वापरलं. मूळ ओळ आणि निघालेली ओळ:

```
A2:          society's AGM on 29th september
=PROPER(A2)  Society'S Agm On 29Th September
```

हे सूत्र अक्षर नसलेल्या कोणत्याही चिन्हानंतरचं पहिलं अक्षर मोठं करतं आणि बाकीची सगळी लहान. त्याला अपॉस्ट्रॉफी कळत नाही, आकडा कळत नाही, AGM हे आद्याक्षरांचं नाव आहे हेही कळत नाही. म्हणून तीन चुका एकदम. ओळीत `'S`, `29Th`, `Agm` यांच्यासारखं काही दिसलं, तर ती एक ओळ दुरुस्त करून थांबू नका. त्याच सूत्रातून यादीतल्या सगळ्या ओळी गेल्या असणार.

दुसरं यंत्र म्हणजे फोनचा कीबोर्ड. पूर्णविराम आला की वाक्य संपलं असं समजून तो पुढचं अक्षर मोठं करतो. त्यामुळे `Painting of C wing: approx. Cost` अशी ओळ तयार होते. संक्षेपानंतरचं पूर्णविराम-चिन्ह आणि वाक्य संपवणारं चिन्ह यांतला फरक त्याला कळत नाही. विषयात संक्षेप टाळले तर ही चूक होतच नाही. `approx.` ऐवजी `about` लिहिता येतं.

या चुका दिसायला वाईट, पण अर्थ कळतो. खरी काळजी घ्यायची ती जिथे लहान-मोठ्या अक्षराने शब्दच बदलतो तिथे:

```
Documents needed for it by 31 July
Documents needed for IT by 31 July
```

पहिल्या ओळीत कशासाठी कागद हवेत ते कळत नाही, दुसरीत प्राप्तिकरासाठी. तसंच `us` आणि `US`, `pan` आणि `PAN`, `march` आणि `March`, `may` आणि `May`, `polish` आणि `Polish`. यांतला एखादा शब्द ओळीत असेल तर त्यावर थांबून बघायचं.

मग सगळीच ओळ कॅपिटलमध्ये लिहिली तर? तसं करणारे बरेच आहेत; महत्त्वाचं आहे हे दाखवायचा तो प्रयत्न असतो. पण त्याने `US` आणि `us` यांतला फरक पुसला जातो. शिवाय सगळ्या अक्षरांची उंची सारखी झाली की शब्दांचे आकार सारखे दिसू लागतात आणि चुकलेलं अक्षर पटकन नजरेत येत नाही. स्पॅमअसॅसिन या गाळणीत तर `SUBJ_ALL_CAPS` नावाचा नियमच आहे. सगळी ओळ कॅपिटल असेल तर मेलच्या संशयाचे गुण वाढतात. तेवढ्यावरून मेल अडतो असं नाही, पण आधीच काठावर असलेल्या मेलला हा भार जड जाऊ शकतो.

दुरुस्त करताना मी चुकलेली अक्षरं एकेक शोधत बसत नाही. सगळी ओळ लहान अक्षरांत आणते आणि मग मोठी करायची ती मोजकी अक्षरं मोठी करते. ओळीचं पहिलं अक्षर, विशेषनामं, वार आणि महिने, आणि आद्याक्षरांची नावं. वरची ओळ त्यानंतर अशी होते:

```
Society's AGM on 29 September
```

`29th`मधलं `th` काढलं, कारण त्याची गरज नाही आणि यंत्र बिघडवतं तीच जागा आहे.

रोमन लिपीतल्या मराठीबद्दल एक सांगायला हवं. काही जुन्या टंकनपद्धतींत कॅपिटल N म्हणजे ‘ण’, कॅपिटल L म्हणजे ‘ळ’ आणि कॅपिटल I म्हणजे दीर्घ ‘ई’ असतो. त्या सवयीचा माणूस ‘पोळी’ `poLI` असं लिहील. ती चूक नसते. असा विषय आला तर कॅपिटल सरसकट काढून टाकण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं, आणि जमलं तर सरळ देवनागरीत लिहून घ्यावं.

देवनागरीत कॅपिटल नसल्याने उलट्या बाजूने एक घोटाळा होतो. विशेषनाम आणि साधा शब्द यांत लिपी फरक दाखवत नाही. ‘उद्या शांतीसाठी प्रार्थनासभा’ या ओळीत शांती हवी आहे की शांती नावाच्या बाई गेल्या आहेत? इंग्रजीत मोठ्या S ने हे कळलं असतं. मराठीत आडनाव किंवा ‘यांच्या’ घालूनच ते सांगावं लागतं, आणि अशा ओळीत ते दोन शब्द जागा खातात म्हणून काढू नयेत.

थकबाकीची ती ओळ

वरची थकबाकीची ओळ मी ‘पर्यंत’ घालून परत दिली नाही, कारण तिची दुसरी अडचण सुटलेल्या शब्दापेक्षा मोठी होती. चाळीस अक्षरांवर ती अशी कापली जात होती:

> आठवण: मेंटेनन्स थकबाकी ३० सप्टेंबर भरणाऱ्या सभासदांना व्याज लागू…

वेळेत पैसे भरणाऱ्यांना व्याज लागणार, असा निरोप फोनवर जाणार होता. म्हणून मी शेवटचा मजकूर पुढे आणला:

> व्याज नाही: ३० सप्टेंबरपर्यंत मेंटेनन्स थकबाकी भरल्यास

आता ‘पर्यंत’ आला, ओळ बत्तीस अक्षरांवर आली, नकार पुढे आला. पण मी ती वेगवेगळ्या जागी कापून पाहिली. ‘व्याज नाही: ३० सप्टेंबरपर्यंत…’ एवढंच दिसलं तर व्याज सरसकट माफ झालं असं कुणीही समजेल. ‘भरल्यास’ हा अट सांगणारा शब्द शेवटी होता आणि तो गेला की अटच जाते. मग अट पुढे आणली:

> ३० सप्टेंबरपर्यंत थकबाकी भरा, व्याज लागणार नाही

तीस अक्षरं. सेक्रेटरींना ही आवडली आणि ते पाठवणारच होते. मी माझ्या आईच्या फोनवर ती पाठवून पाहिली. तिचं अक्षर सगळ्यांत मोठ्या आकारावर असतं. तिथे ‘…भरा, व्याज लागणार’ इथे ओळ संपत होती. पुन्हा तोच ‘नाही’ बाहेर राहत होता, या वेळी फक्त तीन अक्षरांनी.

नकार पुढे नेता येईना, म्हणून नकारच काढला आणि तोच अर्थ होकारार्थी क्रियापदात ठेवला:

> ३० सप्टेंबरपर्यंत थकबाकी भरा, व्याज टाळा

पंचवीस अक्षरं. ‘३० सप्टेंबरपर्यंत’वर कापली तर अर्थ अपुरा राहतो, पण चुकीचा होत नाही. ‘थकबाकी भरा’वर कापली तर निरोप पोचतो. ‘व्याज’वर कापली तर भरण्याशी व्याजाचा काही संबंध आहे एवढं कळतं आणि ते खरंच आहे. ‘आठवण:’ मी परत घातला नाही. ती पाच अक्षरं होती आणि ‘भरा’ म्हटल्यावर आठवण झालीच.

यादीत विषयानंतर मेलच्या मजकुराची पहिली ओळही दिसते. तिथे ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ होतं. ते खाली सरकवून पहिलं वाक्य ‘३० सप्टेंबरनंतर भरलेल्या रकमेवर व्याज आकारलं जाईल’ असं केलं. मग तो मेल आईच्या फोनवर, माझ्या फोनवर आणि सेक्रेटरींच्या संगणकावर पाठवून पाहिला, इंग्रजी ओळीतलं `September` मोठ्या S ने आहे ना ते बघितलं, आणि संध्याकाळी सात वाजता तो सगळ्यांना गेला.